पाटीवरचे चौसष्ट

दिगांबर शेंडे घाबरट होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर त्यांनी जे केलं ते ऐकून लोक त्यांना धाडसी वगैरे म्हणायला लागतात, आणि मला ते पटत नाही. मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. तो माणूस शेवटपर्यंत घाबरतच होता.

मोहाडीच्या बाहेर आमची तांदळाची मिल आहे. उकडा तांदूळ काढतात. धानाचा हंगाम लागला की रस्त्यापर्यंत ट्रकांची रांग लागते आणि बॉयलर थंड होत नाही. माझ्याकडे स्टोअर आहे: बारदाना, पट्टे, बेअरिंग, ग्रीस. शेंडेबाबूंकडे हजेरी आणि पगार. ऑफिस एकच, मध्ये एक लोखंडी कपाट, कपाटाच्या अलीकडे मी, पलीकडे ते.

ते मूळचे पवनी तालुक्यातले, आसगावकडचे. घर ढिवरांचं. बाप, काका, भाऊ सगळे तलावात जाळं टाकणारे, आणि हे पाण्याला भ्यायचे. गुडघ्याच्या वर पाणी आलं की यांना धाप लागायची. त्यामुळे लहानपणी घरच्यांनी त्यांना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहायचं काम दिलं. सगळ्यांनी मिळून मासे धरले की पळसाच्या पानांवर सारखे ढीग लावतात. मग एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा ढिगावर काडी ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो. त्याला ढीग दिसत नसतो, म्हणून भांडण होत नाही. शेंडेबाबू वर्षानुवर्षं तो पाठमोरा पोरगा होते. "मले बरं वाटे ताई," ते म्हणायचे. "नाव घ्या आणि मोकळे व्हा. लहानमोठा ढीग लावणारा पाहून घेईल."

डब्यात रोज झिंगे किंवा बारीक मासे. पण मासा असेल तर काटे घरूनच काढून आणायचे. ढिवराचा माणूस काट्याला भितो, यावर ऑफिसात पुष्कळ हसू व्हायचं. त्यांना राग येत नसे. "घशात अटकला तं भंडाऱ्यापर्यंत नेणार कोण? तुम्ही?" असं मात्र विचारायचे, आणि खरंच उत्तराची वाट पाहायचे.

ड्रॉवरला कुलूप लावून गेटपर्यंत जायचे आणि परत यायचे, ओढून पाहायला. बँकेला पाठवायची पगाराची यादी मला मोठ्याने वाचायला लावायचे. आपण स्वतः स्क्रीनवर बोट ठेवून बसायचे. मी कंटाळून एखादा आकडा मुद्दाम चुकवला की त्यांचा चेहरा असा उतरायचा की पुढे मी ते सोडून दिलं.

आता त्या पाटीचं.

गोष्ट सुरू झाली सुखदेवपासून. सुखदेव हमालांचा पुढारी. अंगाने दांडगा, तोंडाने त्याहून. एका महिन्यात त्याच्या ओव्हरटाइमचे तास हजेरीत कमी पडले. चूक गेटवरच्या शिपायाची होती, त्याने एका दिवसाची नोंदच केली नव्हती. पण सुखदेवने थेट ऑफिसात येऊन शेंडेबाबूंची कॉलर धरली.

"माझे पैसे कोणाच्या पोटात गेले बे?"

मी सुखदेवला सांगितलं, कॉलर सोड, नाहीतर आजच्या आज तुझ्या हातमोज्यांची जोडी लिहून घेते, तू महिन्यात तीन नेल्यास. तो हसला आणि सोडली. तास दुरुस्त झाले, पैसे मिळाले. पण शेंडेबाबू त्यानंतर आठवडाभर मागच्या दाराने घरी जात होते.

आठवड्याने त्यांनी गेटजवळच्या भिंतीवर काळा रंग मारून घेतला आणि खडूने लिहिलं: ज्या त्या कामाचा ताशी दर, ओव्हरटाइमला दुप्पट. कल्पना अशी की प्रत्येकाने आपले तास स्वतः मोजावेत, पाटीवरच्या दराने गुणावेत, आणि पावतीशी ताडून पाहावेत. मग बाबूची कॉलर धरायला कारण उरत नाही. लोकांना ते आवडलं. पॅकिंगमधल्या बाया तर मोबाइलवर गुणाकार करून एकमेकींना दाखवायच्या.

एक अडचण आली. पाटीवर त्यांनी पूर्ण रुपये लिहिले होते, आणि पगार निघत होता पैशांसकट. ताशी दर कसा काढतात ते सांगते. मूळ पगार आणि विशेष भत्ता मिळून महिन्याची जी रक्कम होते तिला सव्विसाने भागायचं, कारण महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरतात. तो झाला रोज. त्याला आठाने भागलं की तासाचा दर. ओव्हरटाइमला तो दुप्पट, आणि मग गुणिले तास. त्या वर्षी हेल्परचा दर बावन्न रुपये दोन पैसे निघत होता. पाटीवर बावन्न. बारा तास ओव्हरटाइम केला तर फरक अर्ध्या रुपयाचा. पण काही जणांच्या पावतीत एखादा रुपया जास्त दिसे, आणि रोज कोणीतरी येऊन विचारी, "बाबू, एक रुपया जास्त काऊन आला? पुढच्या महिन्यात कापता का?"

जास्त आल्याचीसुद्धा तक्रार होऊ शकते, हे मी तेव्हा पाहिलं. शेंडेबाबूंनी मग पगाराच्या शीटमध्ये सूत्र बदललं. भागाकार झाला की मागचे पैसे सोडून फक्त पूर्ण रुपया ठेवायचा, आणि मग दुप्पट करून तासांनी गुणायचं. पाटी आणि पावती एक झाली. तक्रारी थांबल्या. दोन पैशांचा तर प्रश्न होता.

पण विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. दर बदलतो, त्याच्या मागचे पैसेही बदलतात. एका सहामाहीत दोन पैसे, पुढच्यात चाळीस, त्यापुढे पुन्हा सात. सूत्र मात्र तेच राहिलं, खाली ओढत नेलेलं, दर महिन्याच्या शीटमध्ये कॉपी केलेलं. आणि ते कोणाला दिसणार नव्हतं. कामगार ताडून पाहत ते पाटीशी, आणि पाटीवरचा आकडा त्याच शीटमधून येई. ऑडिटवाले शीटची बेरीज बँकेच्या यादीशी जुळवत, ती जुळायचीच. ओव्हरटाइमवर पीएफ नसतो, म्हणून तिकडे प्रश्न नाही. ईएसआय, म्हणजे आरोग्य विम्याची वर्गणी, कापली जाई ती कमी निघालेल्या रकमेवरच, म्हणून तीही बरोबर. सगळे पहारेकरी एकाच दाराकडे तोंड करून उभे होते.

अशी सहा वर्षं गेली.

त्या जानेवारीत नवा भत्ता लागू झाला. शेंडेबाबू नेहमीप्रमाणे ओला फडका आणि खडू घेऊन पाटीकडे गेले. माझ्या स्टोअरच्या खिडकीतून गेट दिसतं. फडका हातात धरून ते पाटीसमोर उभेच राहिले. हातातल्या कागदाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. मग फडका न लावता परत आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"पुसाचं कामच नाही पडलं ताई. आधी चौसष्ट होतं. आताही चौसष्ट."

"मग बरंय की."

"बरं कसं? भत्ता वाढला ना."

बसले आणि कॅल्क्युलेटर काढला. आधीचा हेल्परचा पगार तेरा हजार तीनशे तीस. भागिले सव्वीस, भागिले आठ: चौसष्ट रुपये आठ-नऊ पैसे. नवा तेरा हजार चारशे सत्तर. भागाकार केला तर चौसष्ट रुपये शहात्तर पैसे. शीट म्हणत होतं चौसष्ट. बारा तासांच्या ओव्हरटाइमचे पंधराशे चौपन्न व्हायला हवेत. शीट देत होतं पंधराशे छत्तीस. अठरा रुपये.

मला ते समजायला थोडा वेळ लागला. त्यांना लागला नाही. त्यांनी पाण्याची बाटली उघडली, तोंडाला लावली, आणि पाणी शर्टावर सांडलं.

"कंस," ते म्हणाले. "कंस जागेवर नाही लावला मी. आधी सगळं गुणाचं होतं, रुपया शेवटी कराचा होता. मी मधातच तोडला."

त्यानंतरचे दिवस त्यांनी कसे काढले ते मी पाहिलं आहे. डबा उघडायचे आणि बंद करायचे. फोन वाजला की खुर्चीतून उठून उभे राहायचे. जुन्या शीट एकेक उघडून बसत, आणि मी कपाटापलीकडून उठले तरी स्क्रीन झाकत. पॅकिंगची एक बाई मोबाइलवर गुणाकार करत गेटपाशी उभी होती, तर हे तिच्याकडे टक लावून पाहत होते. ती नुसती मुलीशी बोलत होती.

सहा वर्षांचा हिशेब त्यांनी लावला. सहामाहीगणिक दर वेगळा, तुटलेले पैसे वेगळे, प्रत्येकाचे तास वेगळे. बॉयलरवाल्या दोघांचं जवळपास काहीच गेलं नव्हतं, त्यांचा दर योगायोगाने पूर्ण रुपयाच्या आसपास राहिला होता. पॅकिंगच्या बायांचं जास्त गेलं होतं. कोणाचे महिन्याला दोन रुपये, कोणाचे दहा-पंधरा. माणशी काहीशे. पण माणसं दीडशेच्या घरात, आणि एकूण आकडा ऐंशी हजारांच्या वर. शेंडेबाबूंचा स्वतःचा पगार एकोणीस हजार होता.

"ताई, हे माझ्याकडून वसूल करन शेठ," ते म्हणाले. "आणि लोकाईले समजलं तं ते म्हणन का बाबूनं खाल्ले. दोन्हीकून मीच."

मी त्यांना सांगितलं की या महिन्यापासून सूत्र नीट करा, पाटीवर पैसे लिहा, आणि मागचं उकरू नका. कोणाला बारा रुपयांनी घर बांधायचं नाही. मी आजही तोच सल्ला देईन. नोकरीवर पोट चालणाऱ्या माणसाला दुसरा काय द्यायचा?

ते म्हणाले, "तुम्ही बरोबर सांगून राहिल्या." आणि मॅनेजरकडे गेले.

मॅनेजर पटले वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला शेठसमोर उभं राहायचं असे. त्याच्या केबिनचं दार उघडंच होतं. शेंडेबाबूंनी सगळं सांगितलं, कंसापासून. पटलेने ऐकून घेतलं.

"सूत्र कोणी टाकलं?"

"मीच साहेब."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मंग? कंपनीनं सांगितलं नाही, तुम्ही टाकलं. उद्या लेबर ऑफिसर आला तं मी काय सांगू, आमच्या बाबूले गणित नाही येत? दुरुस्त करा आणि चुप बसा. आणि हो, ते पाटी काढून टाका. भिंतीले चुना मारून घ्या. ते नसती तं कोणी विचारलंच नसतं."

"कोणी विचारलं नाही साहेब. मीच पाहिलं."

"तेच म्हणून राहिलो. तुम्ही पाहिलं, मी ऐकलं, झालं. बात खतम. नाही तं शेठले सांगतो आणि ते तुमच्या पगारातून काटाले लावते. चालन?"

शेंडेबाबू बाहेर आले. मला वाटलं, चला, मिटलं.

चुना आणायला त्यांनी माझ्याकडेच मागणी चिठ्ठी दिली. मी पोतं काढून ठेवलं. दोन दिवस ते पोतं तसंच पडून होतं, आणि ते त्याच्याकडे न पाहता ये-जा करत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला विचारलं, "ताई, ऑडिटचा नवा पोरगा मार्चमधी येते ना?"

"येतो. का?"

"तो हुशार दिसते. सूत्र उघडून पाहन." मग म्हणाले, "दुसऱ्यानं पाहिलं तं मी चोर होतो. मीच सांगितलं तं नुसता चुकलो. मले चोर म्हणून मराची लय भीती वाटते."

म्हणजे हिशेब भीतीचाच होता. दोन भीतींपैकी कुठली मोठी, एवढंच त्यांनी मोजलं.

पाळी बदलायच्या वेळी ते पाटीपाशी गेले. पुसली. हेल्पर, पॅकिंग, हमाल, बॉयलर, सगळ्यांचे दर पैशांसकट लिहिले. चौसष्ट पूर्णांक शहात्तर. आणि खाली: "आधी पैसे सोडून दर धरला जात होता. त्यामुळे ओव्हरटाइम कमी मिळाला आहे. चूक माझी. दि. शेंडे." अक्षर वाकडं आलं होतं. एरवी त्यांचं अक्षर छापल्यासारखं असे.

लिहून ते पळाले नाहीत. पळायला हवं होतं. पाय हलत नव्हते म्हणून उभे राहिले, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

लोक जमले. आधी वाचणारे चार, मग तीस, मग पाळी सुटलेली सगळीच. मी स्टोअरला कुलूप लावून बाहेर आले, हातात पान्हा होता. तो मी का घेतला होता ते विचारू नका.

"किती कमी भेटलं?" एकीने विचारलं.

"तुमचे महिन्याले आठ-दहा," शेंडेबाबू म्हणाले.

"आठ-दहा रुपये?"

"हो."

माणसं रागावतील, ओरडतील, मी एवढ्याच तयारीत होते. पण ती एकमेकांकडे पाहू लागली. मग मागून सुखदेव पुढे आला.

"आठ रुपयासाठी कोणी भिंतीवर नाव लिहिते काय बे?" तो लोकांकडे वळून म्हणाला. "याले येडा समजता का तुम्ही? आठ दाखवून ऐंशी दाबून राहिला हा. पीएफ पाहा आपापले. बोनस पाहा."

आणि ते लोकांना पटलं. इतक्या थोड्या पैशांसाठी इतका मोठा कबुलीजबाब कोणी देतं, यावर कोणाचा विश्वास बसेना. कोणीतरी शेंडेबाबूंना ढकललं. चष्मा पडला. ते खाली वाकून चिखलात चाचपडत होते आणि म्हणत होते, "पीएफले काही नाही झालं, ओव्हरटाइमवर पीएफ नसते, पाहून घ्या, पीएफले काही नाही झालं." मी मधे शिरले. चष्मा मीच उचलला. एका काचेला तडा गेला होता.

त्यानंतर काही दिवस मिलमध्ये चालायची भीती वाटत होती. मलासुद्धा. बाया माझ्याशी बोलेनात, कारण मी शेंडेबाबूंच्या समोरच्या टेबलावरची. रात्रपाळीच्या हमालांनी काम थांबवलं. गावात बोललं जाऊ लागलं की मिलमध्ये लाखोंचा घोळ झाला. शेंडेबाबू एसटीने येत ते सोडून आतल्या रस्त्याने सायकलवर येऊ लागले, मग तोही रस्ता सोडला आणि दोन दिवस आलेच नाहीत. त्यांच्या बायकोचा फोन आला मला: "ताई, पोलीस येतात का हो? ते दार उघडू देत नाहीत." मी सांगितलं, पोलीस येत नाहीत, कामावर पाठवा, हिशेब त्यांच्याशिवाय कोणाला येत नाही.

ते खरंच होतं. शेठने वकिलाला विचारलं. वकिलाने सांगितलं की मागची बाकी देऊन टाका, हे लिहून भिंतीवर लागलेलं आहे, फोटो मोबाइलमध्ये फिरतायत. शेठला ऐंशी हजारांपेक्षा बंद बॉयलरचं दुःख मोठं होतं. वसुलीचं नाव त्याने काढलं नाही. वकिलाने तेही सांगितलं असणार.

मग शेंडेबाबूंनी ते काम केलं, आणि मी त्यांना इतकं घाबरून इतकं नीट काम करताना कधी पाहिलं नव्हतं. सहामाहीप्रमाणे प्रत्येकाचा योग्य ओव्हरटाइम, दिलेला ओव्हरटाइम, फरक; रुपया शेवटी एकदाच. फरकावर ईएसआय कापायची आणि कंपनीचा हिस्साही भरायचा, ते पटलेच्या लक्षातही नव्हतं. सोडून गेलेल्यांची नावं काढली. एक हमाल दिघोरीकडे परत गेला होता, त्याचं खातं बंद पडलेलं. त्याला रोख पाठवले, सही घेतली. एक बाई वारली होती, तिच्या नवऱ्याला शोधून काढलं. सोडून गेलेल्यांत तिची रक्कम सगळ्यात कमी होती.

पुढच्या पगारात प्रत्येकाच्या पावतीत एक ओळ वाढली, ओव्हरटाइम फरक. कोणाला तीनशे, कोणाला सातशे. मग लोकांना पटू लागलं की बाबू सांगत होता तेवढंच होतं. कोणी माफी वगैरे मागितली नाही. तशी पद्धत नाही.

शेठने मात्र ठरवून टाकलं: ज्याच्या हातून हे झालं त्याच्या हाती पगार नको. पगाराला भंडाऱ्याहून एक तरुण आला, सोबत तयार सॉफ्टवेअर. शेंडेबाबूंची बदली काट्यावर झाली, ट्रक वजन करायला. पगार तोच, पण खुर्ची गेटबाहेरच्या पत्र्याच्या खोलीत. त्या खोलीला वीतभर खिडकी, ड्रायव्हरने पावती घ्यायची तेवढी. पाटीवर चुना मारला गेला. माझ्या समोरच्या टेबलावर तो तरुण बसतो. कुलूप ओढून पाहायला परत येत नाही.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते पगाराच्या दिवशी. त्यानंतर लवकरच त्यांनी तब्येतीच्या कारणाने राजीनामा दिला आणि गावी गेले. दुपारची पाळी सुटली होती, पावत्या वाटून झाल्या होत्या. मी गेटवर ग्रीसचे डबे उतरवून घेत होते. पाहते तर काट्याच्या खोलीपुढे रांग. ट्रकची नाही, माणसांची. पॅकिंगच्या बाया, दोन-तीन हमाल, हातात पावत्या. सगळ्यात पुढे सुखदेव.

"बाबू, हे पाहून द्या."

"माझं काम नाही ते," आतून आवाज आला. "नव्या साहेबाले विचारा. मले नका दाखवू."

"त्याले काय विचारू? तो म्हणते मशीननं काढलं."

"मंग मशीनवर भरोसा ठेवा."

"भरोसा तुमच्यावरही नाही आपला," सुखदेव म्हणाला. "पण पाहून द्या."

मग पत्र्याच्या फटीतून तडा गेलेल्या चष्म्याची एक बाजू दिसली. ती मॅनेजरच्या केबिनकडे वळली, कोणी पाहतंय का ते बघायला, आणि पुन्हा रांगेकडे वळली. केबिनच्या काचेमागे पटले उभा होता. शेंडेबाबूंना तो दिसला, हे मला गेटवरून कळलं.

खिडकीतून हात बाहेर आला. त्याने पावती घेतली.